ब्लड कल्चर किती तासांत फ्लॅग झालं, त्याआधी बाटलीत किती रक्त होतं?

प्रश्न: मी मेडिसिनला दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट आहे. सेप्सिसच्या संशयाने लावलेल्या ब्लड कल्चरमध्ये आमच्याकडे सारखा कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ येतो. कधी १४ तासांत, कधी ३० तासांत. किती तासांत फ्लॅग झालं यावरून खरा जंतू कोणता आणि कातडीवरचा कोणता हे ठरवता येतं का? आणि मुळात रक्त घेताना आमचं चुकतं कुठे?

उत्तर:

नुसत्या तासांवरून नाही ठरवता येत. तास उपयोगी पडतात, पण त्यांच्या सोबत तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: रक्त दोन वेगळ्या जागांहून घेतलं होतं का, प्रत्येक बाटलीत किती मिली गेलं, आणि बाटली मशीनमध्ये किती वाजता लागली. एकाच हाताची एकच बाटली आली असेल तर ती १४ तासांत वाजो की ३० तासांत, लॅबमधला माणूस तुम्हाला ठाम काही सांगू शकत नाही. म्हणजे तुम्ही विचारलेले दोन प्रश्न वेगळे नाहीतच. रक्त नीट घेतलं असेल तरच तासांना अर्थ येतो.

आधी मशीन काय मोजतं ते बघू. बाटलीच्या तळाशी एक सेन्सर असतो. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, सेन्सर बदलतो, आणि मशीन दर १० मिनिटांनी तो बदल वाचतं. मोठ्या माणसाच्या रक्तात सेप्सिसमध्येसुद्धा जंतू फार थोडे असतात. बऱ्याचदा एका मिलीत एक-दोन, कधी त्याहूनही कमी. मशीनला चाहूल लागण्यासाठी मात्र ते मिलीमागे साधारण १० कोटींच्या घरात जावे लागतात. तोवर बाटली गप्प बसते.

आता हिशेब करून बघा. ३० मिली ब्रॉथमध्ये १० मिली रक्त घातलं आणि त्यात १५ ई. कोलाय होते असं धरू. १५ चे ३०, ३० चे ६० असं २८ वेळा दुप्पट झालं की सुमारे ४०० कोटी होतात, म्हणजे ४० मिलीत मिलीमागे १० कोटी. एका दुपटीला २५ मिनिटं धरली तर २८ दुपटींना ७०० मिनिटं, पावणेबारा तास. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएल्लाची बाटली सहसा ८ ते १४ तासांत का वाजते, ते यातून कळतं.

हेच गणित कातडीवरच्या जंतूला लावा. सुई आत जाताना एक किंवा दोन स्टॅफ एपिडर्मिडिस बरोबर गेले. दुपटीला ४५ मिनिटं धरू. दोनापासून ४०० कोटींपर्यंत जायला ३१ दुपटी लागतात, म्हणजे सव्वातेवीस तास. शिवाय कातडीवरून नव्या ब्रॉथमध्ये आलेला जंतू वाढायला लागण्याआधी थोडा वेळ घेतो. म्हणून दूषित बाटल्या बहुधा २४ तासांच्या आसपास किंवा त्यानंतर वाजतात.

आता तोच एपिडर्मिडिस सेंट्रल लाइनच्या आत थर करून बसलाय आणि बाटलीत एकदम हजार जंतू आले. हजारापासून ४०० कोटींपर्यंत फक्त २२ दुपटी, साडेसोळा तास. तुमचे १४ आणि ३० तास इथून येतात. घड्याळ जंतूचा हेतू मोजत नाही. सुरुवातीला बाटलीत किती जंतू पडले आणि ते किती वेगाने वाढतात, एवढंच मोजतं. सुरुवातीचा आकडा मोठा असला तर खऱ्या संसर्गाची शक्यता वाढते, इतकाच त्याचा अर्थ. ज्या हाताने शिरेवर बोट फिरवलं, त्याच हाताने भरपूर जंतू आत ढकलले गेले असतील तर दूषित बाटलीही १६ तासांत वाजते. उलट खऱ्या लाइनच्या संसर्गात आधीपासून व्हॅन्कोमायसिन सुरू असेल तर बाटली ३० तास घेते.

व्यवहारात मी कॉन्सच्या, म्हणजे कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफच्या, बाबतीत असा विचार करतो. १५ तासांच्या आत वाजलं तर कल खऱ्या संसर्गाकडे. २४ तासांनंतर वाजलं आणि दोनपैकी एकाच सेटमध्ये असलं तर कल दूषिततेकडे. मधले नऊ तास नुसत्या घड्याळाने सुटत नाहीत, आणि वेगवेगळ्या अभ्यासांत ही सीमारेषा वेगवेगळ्या ठिकाणी पडते. तिथे किती सेटमध्ये आला, दोन्हीकडे एकच जात आहे का, पेशंटला लाइन, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर आहे का, यावर निर्णय होतो. एका हातात एपिडर्मिडिस आणि दुसऱ्यात होमिनिस आला तर दोन सेट पॉझिटिव्ह असूनही बहुधा दोन्ही दूषितच असतात. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘कॉन्स’ लिहिलेलं असेल तर लॅबला फोन करून जात आणि अँटिबायोग्राम विचारा.

इथे एक गल्लत हमखास होते. ‘उशिरा वाजलं म्हणजे दूषित’ हा नियम फक्त कातडीवरच्या जंतूंसाठी आहे: कॉन्स, डिफ्थेरॉइड्स, मायक्रोकॉकस, बॅसिलस, क्युटिबॅक्टेरियम. कँडिडाला सहज एक ते तीन दिवस लागतात. ब्रुसेलाला त्याहून जास्त लागू शकतात, आणि गुरांजवळ राहणाऱ्या पेशंटमध्ये तो विसरून चालत नाही. बाहेरून दोन दिवस गोळ्या घेऊन आलेल्या पेशंटमधला साल्मोनेला टायफीसुद्धा रेंगाळतो. म्हणून आधी जंतू कोणता ते बघायचं, घड्याळाकडे नंतर. स्टॅफ ऑरियस, न्यूमोकॉकस, ई. कोलाय-क्लेब्सिएल्लाच्या कुळातले, स्यूडोमोनास आणि कँडिडा हे एका बाटलीत, ४० तासांनी आले तरी खरेच धरायचे. त्यांना ‘कंटॅमिनंट’ म्हणून सोडणं पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. स्टॅफ ऑरियसमध्ये तर घड्याळ आणखी एक गोष्ट सांगतं. बाटली १४ तासांच्या आत वाजली तर रक्तात जंतूंचा भार जास्त आहे, आणि हृदयाची झडप किंवा लाइन यांसारखा आतला उगम नीट शोधायला हवा.

आता घड्याळ कधी खोटं बोलतं ते. मशीनचे तास बाटली आत लावल्यापासून सुरू होतात, रक्त काढल्यापासून नाही. रात्री ११ ला कॅज्युअल्टीत रक्त काढलं, बाटली सिस्टरच्या टेबलावर राहिली, सकाळी ८ ला मामा ती घेऊन लॅबमध्ये गेले. तोवर नऊ तास जंतू टेबलावरच वाढत होते. मशीन म्हणेल, पाच तासांत पॉझिटिव्ह. पेशंटच्या रक्तात भयंकर जंतू आहेत असा त्याचा अर्थ नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पंख्याखालचा वॉर्डही इनक्युबेटरइतकाच गरम असतो, आणि तिथे याहून वाईट घडू शकतं. वाढीचा जोराचा टप्पा मशीनबाहेरच उरकतो. मग मशीनला चढता आलेख दिसत नाही आणि जंतूंनी भरलेली बाटली पाच दिवस ‘निगेटिव्ह’ राहते. म्हणून बाटली दोन तासांत मशीनमध्ये जायला हवी, फार तर चार. उशीर झालाच तर फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ ठळक लिहा. मग लॅबमधले लोक बाटली लावण्याआधी त्यातलं थोडं काढून ग्रॅम स्टेन आणि प्लेट करू शकतात. उशीर होणार म्हणून बाटली फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका. न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकससारखे नाजूक जंतू थंडीत मरतात.

दुसरी खोट रक्ताच्या मापाची. १० ऐवजी २ मिली रक्त घातलं तर जंतू पाचपट कमी गेले, म्हणजे सव्वादोन दुपटींचा फरक. ई. कोलायमध्ये तासाभराहून कमी उशीर होईल, तो तुमच्या लक्षातही येणार नाही. खरा तोटा वेगळा आहे. दोन मिलीमागे एकच जंतू असलेल्या रक्तात २ मिली घेतलं तर सरासरी एकच जंतू बाटलीत येतो, आणि बऱ्याच बाटल्यांत एकही येत नाही. ती बाटली उशिरा नव्हे, कधीच वाजत नाही. कातडीवरचा जंतू मात्र रक्ताच्या मापावर अवलंबून नसतो. तो सुईबरोबर आलेला असतो, २ मिलीतही तेवढाच. म्हणून कमी रक्त पाठवणाऱ्या वॉर्डात खरे जंतू घटतात आणि पॉझिटिव्हमध्ये कॉन्सचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तुमच्याकडे ‘सारखा कॉन्स’ येतो त्यात याचाही वाटा असण्याची दाट शक्यता आहे.

तर आता प्रत्यक्ष रक्त घेण्याबद्दल. मोठ्या माणसाला दोन सेट, दोन वेगळ्या शिरांतून, प्रत्येक सेटला २० मिली: १० एरोबिक बाटलीत, १० अनएरोबिकमध्ये. एका सेटवर खऱ्या बॅक्टेरिमियापैकी पाव ते एकतृतीयांश केसेस सुटतात. दोन सेटवर शंभरातल्या ८० ते ९० सापडतात, तीनवर ९५ च्या पुढे. एंडोकार्डायटिसचा संशय असेल तर तीन घ्या. बाटल्या महाग आहेत आणि नातेवाइकांना बाहेरून आणाव्या लागतात, हे खरं आहे. दोनच बाटल्या परवडत असतील तर एका हाताची एरोबिक-अनएरोबिक जोडी घेण्यापेक्षा दोन हातांच्या दोन एरोबिक घ्या, असं माझं मत आहे. जोडीतल्या दोन्ही बाटल्या एकाच टोचणीच्या असतात. कातडीवरचा जंतू त्या टोचणीतून आला तर दोन्हीत येऊ शकतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

ताप चढण्याची वाट बघायची गरज नाही, आणि दोन सेटमध्ये अर्ध्या तासाचं अंतरही नको. एकापाठोपाठ एक घेतले तर चालतात. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्या, कारण पहिल्या डोसनंतर उत्पन्न बरंच घसरतं. पण शॉकमधल्या पेशंटचं अँटिबायोटिक एका तासाच्या आत जायलाच हवं. शीर सापडत नाही म्हणून पाऊण तास औषध रोखून धरू नका.

साफसफाईचा भाग सगळ्यांना पाठ असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त घसरतं, म्हणून थोडं सावकाश सांगतो. टर्निकेट बांधा, बोटाने शीर शोधा, आणि मग टर्निकेट सोडा. आता बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं काढा. टोपणाखालचं रबर निर्जंतुक नसतं, त्यामुळे ७०% अल्कोहोलच्या स्वॅबने घासा आणि स्वॅब तिथेच ठेवा. रबरावर बीटाडीन लावू नका, रबर खराब होतं. मग २% क्लोरहेक्सिडीन आणि ७०% अल्कोहोलच्या मिश्रणाने कातडी ३० सेकंद घासा, जोर लावून, पुढे-मागे. नंतर ३० सेकंद वाळू द्या. बीटाडीन वापरत असाल तर दीड ते दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि इतकं कोणी थांबत नाही. जंतू वाळण्याच्या वेळातच मरतात. ओल्या कातडीत सुई घातली तर घासण्याची मेहनत बरीचशी वाया जाते. फुंकर मारून किंवा कापसाने पुसून वाळवलं तर पुन्हा पहिल्यापासून करा.

आता खरी जागा येते. कातडी साफ झाली, टर्निकेट पुन्हा बांधलं, सुई हातात घेतली, आणि शीर ‘अजून तिथेच आहे ना’ म्हणून तर्जनी पुन्हा टेकली. ही एक सेकंदाची गोष्ट. तुमच्या वॉर्डात दहा जणांना रक्त घेताना बघा, निम्मे तरी हे करतील आणि केलं असं त्यांना आठवणारही नाही. पुन्हा चाचपणं टाळता येत नसेल तर निर्जंतुक हातमोजे घाला. साधे हातमोजे घातले असतील तर ते तुमचं संरक्षण करतात, पेशंटच्या कातडीचं नाही.

सुई कातडीतून जाताना एक बारीकसा तुकडा कापून घेते. केसांच्या मुळाशी आणि ग्रंथींच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत कुठलंही औषध पोहोचत नाही, आणि ते त्या तुकड्याबरोबर पहिल्या एक-दोन मिलीत येतात. बटरफ्लाय वापरत असाल तर पहिलं दोन मिली एका वेगळ्या निर्जंतुक सिरिंजमध्ये ओढून बाजूला ठेवा. मग २० मिलीची नवी सिरिंज जोडून कल्चरचं रक्त घ्या. बाजूचं रक्त कल्चरमध्ये घालू नका. बाकीच्या तपासण्या त्याच टोचणीत करायच्या असतील तर आधी कल्चरच्या बाटल्या भरा, नंतर सीबीसी आणि बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूब. त्या ट्यूबची तोंडं निर्जंतुक नसतात, आणि त्यांना लागलेली सुई मग कल्चरच्या बाटलीत जाते.

सिरिंजने भरताना आधी अनएरोबिक बाटली, कारण सिरिंजच्या वरच्या टोकाला हवा असते. बटरफ्लायला अडॅप्टर लावून थेट भरत असाल तर उलट, आधी एरोबिक, म्हणजे नळीतली हवा तिच्यात जाईल. रक्त कमी मिळालं तर ते सगळं आधी एरोबिकमध्ये घाला. मधे सुई बदलायची जुनी सवय सोडा. दूषितता फारशी कमी होत नाही, स्वतःला टोचण्याचा धोका मात्र वाढतो. बाटलीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे ती १० मिलीपेक्षा जास्तही ओढून घेते. आधीच लेबलच्या बाजूच्या रेघा बघून ब्रॉथच्या पातळीपासून १० मिली वर पेनने खूण करा आणि तिथे प्लंजर धरा. जास्त रक्त गेलं तर पांढऱ्या पेशींच्याच कार्बन डायऑक्साइडने खोटा फ्लॅग येऊ शकतो. पेशंटच्या नावाची चिठ्ठी बारकोडवर किंवा बाटलीच्या तळावर चिकटवू नका, कारण सेन्सर तळाशीच असतो.

कुठून घेऊ नये, तेही थोडक्यात. आधीच लावलेल्या इंट्राकॅथमधून नको. मांडीच्या शिरेतून शक्यतो नको, तिथली कातडी साफ होणं अवघड असतं. सेंट्रल लाइनमधून घ्यायचं ते फक्त लाइनच्या संसर्गाचा संशय असताना, आणि तेव्हाही हातातल्या शिरेच्या सेटबरोबर. नुसतं लाइनमधलं रक्त पाठवू नका.

एखाद्या महिन्यात वॉर्डातून एकदम बॅसिलस यायला लागला तर रेसिडेंटना ओरडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यांचा डबा तपासा. कापसाच्या बोळ्यांवर स्टीलच्या डब्यात स्पिरिट ओतलं जातं, संपत आलं की त्यातच वरून आणखी. बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते डब्यात नुसते टिकून राहतात. बर्कोल्डेरिया सेपेशिया एकाच वेळी तीन-चार पेशंटमध्ये आला तर अँटिसेप्टिकच्या किंवा सलाइनच्या उघड्या बाटलीकडे बघा. तीही पुन्हा पुन्हा भरली जात असते.

आता एक केस पूर्ण सोडवू. ५८ वर्षांचा डायलिसिसचा पेशंट, मानेतला कॅथेटर तीन आठवड्यांपूर्वी घातलेला. डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर हुडहुडी, ताप, बीपी ९६/६०. सकाळी १०:२० ला कॅथेटरमधून १० मिली आणि लगेच हाताच्या शिरेतून एक बाटली. फिस्टुलाचा विचार असल्याने कोपराच्या शिरा राखून रक्त हाताच्या पंज्यावरच्या शिरेतून घेतलं. दोन्ही बाटल्या ११:३० ला मशीनमध्ये. कॅथेटरची बाटली रात्री ११:५० ला वाजली, म्हणजे १२ तास २० मिनिटांत. हाताची पहाटे २:४० ला, १५ तास १० मिनिटांत. दोन्हीत गुच्छातले ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, पुढे दोन्हीकडे एकाच अँटिबायोग्रामचा स्टॅफ एपिडर्मिडिस.

पहिला प्रश्न: खरा की दूषित? दोन जागा, एकच जात, दोन्हीकडे लवकर. खरा. दुसरा प्रश्न: उगम कॅथेटरच का? इथे नियम असा की कॅथेटरची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा किमान १२० मिनिटं आधी वाजली तर उगम कॅथेटर धरावा. फरक १७० मिनिटांचा आहे. ४५ मिनिटांच्या दुपटीने तो पावणेचार दुपटींचा, म्हणजे कॅथेटरच्या बाटलीत सुमारे १४ पट जंतू. उत्तर सरळ दिसतं.

पण आता हाताची बाटली उचलून पेनची खूण बघा. पंज्यावरच्या शिरेतून फक्त ३ मिली निघालं होतं. १० आणि ३ मधला फरक म्हणजे पावणेदोन दुपटी, ७८ मिनिटं. एवढा उशीर नुसत्या कमी रक्तामुळे झाला. १७० मधून ७८ वजा केले की ९२ मिनिटं उरतात, १२० च्या खाली. म्हणजे कॅथेटरच्या रक्तात जंतू १४ पट नव्हते, चौपटच होते. संसर्ग खराच राहतो, त्यात काही बदलत नाही. फक्त ‘उगम कॅथेटर’ हा घड्याळाचा पुरावा कोसळतो. मग डायलिसिस सुरू असताना आलेली हुडहुडी, कॅथेटरच्या तोंडाशी लाली किंवा पू आहे का, दुसरीकडे संसर्गाची जागा सापडते का, यांवर निर्णय घ्यावा लागतो. माझा कल अजूनही कॅथेटरकडेच राहील, पण तो हुडहुडीच्या वेळेमुळे, १७० मिनिटांमुळे नाही.

चूक उलट्या दिशेनेही होते. कॅथेटरमधून आधीच व्हॅन्कोमायसिन गेलेलं असेल तर त्याच नळीतली बाटली उशिरा वाजते आणि फरक दिसतच नाही. हा १२० मिनिटांचा नियम तेव्हाच लावा, जेव्हा दोन्हीकडचं रक्त एकाच वेळी, सारख्या मापाने, औषधाआधी घेतलेलं असेल आणि दोन्ही बाटल्या एकत्र मशीनमध्ये गेल्या असतील. आणि जंतू स्टॅफ ऑरियस किंवा कँडिडा असेल तर मिनिटांचा फरक कमी आला म्हणून कॅथेटर निर्दोष ठरवू नका. या दोघांत हा नियम बऱ्याचदा चुकतो आणि कॅथेटर काढण्याचा निर्णय त्याच्यावर थांबत नाही.

वॉर्डाची पातळी कळण्यासाठी महिन्याचा हिशेब ठेवा. एकूण सेटपैकी ज्यांत दोनपैकी एकाच सेटला कातडीवरचा जंतू आला ते मोजा. हे प्रमाण ३% च्या खाली असायलाच हवं, आणि नीट काम केलं तर १% पर्यंत आणता येतं. एकेकच सेट जात असेल तर हा आकडा धड काढताही येत नाही, कारण दूषित कोण हे ठरवायला दुसरा सेटच नसतो.

रात्री दोनला लॅबचा फोन येतो, ‘पॉझिटिव्ह आहे, ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, गुच्छात.’ तेव्हा कॉन्स की ऑरियस हे अजून कोणालाच माहीत नसतं. पेशंट आजारी दिसत असेल तर ऑरियस धरूनच औषध चालवा आणि ओळख पटेपर्यंत बदलू नका. फोन ठेवण्याआधी विचारा: कोणती बाटली, कुठल्या हाताची, किती वाजता लावली होती, आणि दुसरा सेट अजून निगेटिव्ह आहे का. या प्रश्नांची उत्तरं लॅबकडे असावीत म्हणून दुपारी फॉर्मवर तीन गोष्टी लिहून ठेवा: रक्त काढल्याची वेळ, जागा, आणि प्रत्येक बाटलीतले मिली. ही नोंद वॉर्डातूनच यायला हवी, लॅबला बाटली बघून जागा कळत नाही.